जाहिरातीतली सायकल चालेल का? एआयकडून धड सायकल काढून घेण्याची पद्धत

दसरा-दिवाळी जवळ आली की सांगलीत सायकल दुकानांच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर दिसायला लागतात. आता यातली बरीच चित्रं कॅमेऱ्याने काढलेली नसतात. कुणीतरी एआयला चार ओळी लिहून दिलेल्या असतात आणि चित्र तयार होऊन आलेलं असतं. लांबून ते झकास दिसतं. जवळून पाहिलं की चिमट्याची एक बाजू आसापर्यंत पोचतच नाही, मागच्या चाकाच्या तारा हबच्या अलीकडेच विरून जातात, आणि चेन जिथून निघते तिथे परतच येत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी सायकल उलटी करून पंक्चर काढलंय, त्याची नजर तिथेच अडकते.

एआयला दिलेल्या लेखी सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. सायकलीच्या जाहिरातीसाठी प्रॉम्प्ट कसा लिहायचा, कुठल्या गोष्टी प्रॉम्प्टने होतच नाहीत, आणि त्या मग कशा करून घ्यायच्या, हे इथे क्रमाने पाहू. उदाहरणादाखल एक साधी सायकल घेऊ: काळी, गिअर नसलेली, आडव्या दांड्याची, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली.

## एआयला नेमकी सायकलच का जमत नाही?

चित्र काढणारे बहुतेक प्रोग्रॅम सुरुवात करतात ती टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून. लाखो फोटो आणि त्यांखालची वर्णनं पाहून त्यांना एवढंच कळलेलं असतं, की 'सायकल' हा शब्द आला की चित्रात साधारण काय दिसतं. मग टप्प्याटप्प्याने तो गोंधळ निवळत जातो आणि त्यातून चित्र वर येतं. या सगळ्यात कुठेही 'हा दांडा त्या नळीला जोडलेला असलाच पाहिजे' असा नियम नसतो.

ठिपक्यांची रांगोळी ठिपके न मांडता काढायला घेतली तर काय होईल, ते आठवा. प्रत्येक वळण सुंदर येईल, पण शेवटची रेघ पहिल्या रेघेला जाऊन मिळणार नाही. एआयच्या सायकलीचं तेच होतं. सीट छान, टायर छान, हँडलची चकाकी छान, आणि या सगळ्यांना जोडणारा सांगाडा चुकलेला. चेहऱ्याचं किंवा झाडाचं थोडं इकडेतिकडे झालं तर खपून जातं. सायकलीचा प्रत्येक भाग मात्र दुसऱ्या कुठल्यातरी भागावर टेकलेला असतो. एक जोड सुटला की ती सायकल राहत नाही.

माणसालाही हे सोपं जात नाही, बरं का. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रेबेका लॉसन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सायकलीचे दांडे, पायडल आणि चेन कुठे असतात ते विचारलं होतं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू असूनही अनेकांचं चुकलं. कुणी पुढचं आणि मागचं चाक थेट दांड्याने जोडलं. अशी सायकल वळणारच नाही. म्हणून प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याने आठवणीवर विसंबू नये. खरी सायकल स्टँडवर लावून समोर ठेवावी.

## तारा गायब होतात, त्यामागचं गणित

सांगाडा चुकतो तो जोडांमुळे. तारा चुकण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते थोड्या हिशेबाने लगेच कळतं.

समजा चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे. पिक्सेल म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा सगळ्यात लहान चौकोन. दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून सायकलीच्या वाट्याला साधारण ८०० पिक्सेल येतात. खरी सायकल टायरपासून टायरपर्यंत सुमारे १७५० मिलिमीटर लांब असते आणि चाक सुमारे ७०० मिलिमीटरचं. म्हणजे चित्रात चाक ३२० पिक्सेलचं झालं. तार असते २ मिलिमीटर जाडीची. ती चित्रात एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते.

त्यात स्टेबल डिफ्युजनसारखे प्रोग्रॅम चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी ते प्रत्येक बाजूने आठपट लहान करून घेतात, त्या लहान रूपावर काम करतात आणि शेवटी पुन्हा मोठं करतात. आठ बाय आठ पिक्सेलच्या एका चौकटीत जे काही असेल, ते त्याला थोडक्यात लक्षात ठेवावं लागतं. रिमजवळ ३६ तारांमध्ये सरासरी २५ पिक्सेलचं अंतर असतं, त्यामुळे तिथे तारा बऱ्या दिसतात. हबजवळ तेच अंतर दोन पिक्सेलच्या आसपास येतं आणि एकाच चौकटीत चार-पाच तारा कोंबल्या जातात. मग कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतं, तारेला मधेच फाटा फुटतो किंवा हबभोवती नुसता राखाडी धूर दिसतो.

याचा अर्थ, सायकल चित्रात जितकी लहान तितक्या तारा वाईट. 'हिरवंगार उसाचं शेत, मागे डोंगर, सूर्योदय, आणि रस्त्यावर सायकल' असा प्रॉम्प्ट दिला तर चाक जेमतेम शंभर पिक्सेलचं उरतं. तिथे तारा नीट येणं शक्यच नाही.

## प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो कोनाने. सायकल बरोबर बाजूने पाहिली तर चाकं वर्तुळ दिसतात, तिरकी पाहिली तर लंबवर्तुळ. दोन वेगवेगळ्या आकारांची लंबवर्तुळं आणि त्यांच्यातल्या तिरक्या तारा एकमेकांशी जुळवणं एआयला फार जड जातं. म्हणून पहिली अट: सायकल सरळ बाजूने, कॅमेरा आसाच्या उंचीवर, पार्श्वभूमी कोरी.

दुसरी अट दिशेची. सायकलीची चेन उजव्या बाजूला असते. उजव्या बाजूने पाहिलं की सायकलीचं तोंड आपल्या उजवीकडे येतं. म्हणून 'उजवीकडे तोंड' आणि 'चेन दिसणाऱ्या बाजूला' हे दोन्ही सांगायचं.

भागांची नावं इंग्रजीत लिहिलेली बरी, कारण ज्या फोटोंवरून हे प्रोग्रॅम शिकले त्यांची वर्णनं बहुतांशी इंग्रजीत होती. आपल्या सायकलीसाठी प्रॉम्प्ट असा होईल:

```
side view product photo of one black single-speed
city bicycle facing right, exact profile,
camera at axle height, two round wheels of equal size,
thin steel spokes, straight diamond frame,
horizontal top tube, front fork reaching front axle,
crank and chain on visible side, mudguards,
rear carrier, whole bicycle visible,
plain light grey background, soft even light
```

यात 'सुंदर', 'जबरदस्त', 'अप्रतिम' असले शब्द नाहीत. ते सायकल सुधारत नाहीत, फक्त चकाकी वाढवतात. जुन्या स्टेबल डिफ्युजनमध्ये तर साधारण ७५ तुकड्यांपुरतीच सूचना एका वेळी वाचली जाते. 'तुकडा' म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग. विशेषणांनी ती जागा भरली तर चिमटा आणि चेन मागे पडतात.

## '३६ तारा, ७२ अंश' असं आकड्यात सांगितलं तर?

हा प्रश्न जाणकारांकडूनच येतो, आणि त्याचं उत्तर निराशाजनक आहे. बहुतेक प्रोग्रॅम मोजत नाहीत. `36 spokes` लिहिलं तर 'पुष्कळ तारा' एवढाच अर्थ पोचतो. त्या २९ येतील किंवा ४३. `72 degree head angle` लिहून हँडलखालच्या नळीचा कोन सांगितला तरी बहुधा काहीच फरक पडत नाही. आकडे हातात ठेवायचे ते आलेलं चित्र तपासायला.

'नको'चंही तसंच आहे. `no broken spokes` लिहिलं तर अनेक प्रोग्रॅमना 'नाही' नीट कळत नाही आणि 'तुटक्या तारा' मात्र कळतात. जे हवं तेच लिहावं. नको असलेल्या गोष्टींसाठी काही प्रोग्रॅममध्ये वेगळी चौकट असते. तिथे नकार न लावता नुसती नावं द्यायची:

```
extra wheel, cropped wheel, bent frame, people, text, logo
```

## प्रॉम्प्ट बरोबर असूनही सांगाडा वाकडा येतो, त्याचं काय?

नुसत्या शब्दांनी प्रत्येक वेळी बरोबर सांगाडा मिळणार नाही. दहा चित्रं मागवून त्यातलं बरं निवडणं हा एक मार्ग झाला. पण त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे रांगोळीचे ठिपके आपणच मांडून देणं.

यासाठी स्टेबल डिफ्युजनला लावायची कंट्रोलनेट नावाची जोडणी २०२३ साली आली. शब्दांबरोबर तिला एक रेखाचित्र द्यायचं, म्हणजे प्रोग्रॅम त्या रेघांना धरून चित्र काढतो. रेखाचित्र काढता आलं पाहिजे असं काही नाही. दुकानातली खरी सायकल पांढऱ्या भिंतीसमोर उभी करा. तीन-चार मीटर मागे जा, फोन आसाच्या उंचीवर धरा आणि झूम करून बरोबर बाजूने फोटो काढा. जवळून काढला तर मधला भाग फुगलेला दिसतो आणि कडेची चाकं ताणली जातात. हा फोटो दिला की कडा शोधणारा प्रोग्रॅम त्यातून रेघा काढून देतो:

```
Preprocessor: canny
Control Weight: 0.9
Ending Control Step: 0.8
```

दुसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे रेघांना किती घट्ट धरायचं ते. तिसरीचा अर्थ असा, की शेवटच्या वीस टक्के टप्प्यांत हात सैल सोडायचा, म्हणजे रंग आणि चकाकी नैसर्गिक येते. रेघा आल्या की एक काम मात्र हाताने करावं लागतं: चाकाच्या आतल्या तारांच्या रेघा खोडरबरने पुसून टाकायच्या. इतक्या लहान आकारात त्या अर्धवट आणि दुहेरी आलेल्या असतात, आणि तोच गुंता एआय इमानदारीने रंगवून देतं. रिम, टायर, हब, दांडे, चिमटा, मडगार्ड यांच्या रेघा ठेवायच्या.

## मग तारा येणार कुठून?

सांगाडा बरोबर आलेलं चित्र आधी तिप्पट मोठं करून घ्या. त्यासाठी अपस्केल नावाची सोय जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असते. आता चाक ३२० ऐवजी ९६० पिक्सेलचं झालं आणि तारेच्या वाट्याला जवळपास तीन पिक्सेल आले. आता तारेला जागा मिळाली.

तारा एआयला नव्याने काढायला सांगू नका. तो प्रत्येक वेळी वेगळा गुंता देईल. त्याच सायकलीच्या चाकांचे फोटो वर सांगितलेल्या पद्धतीने सरळ समोरून काढा, रिमच्या आतला गोल कापा आणि चित्रातल्या रिममध्ये बसवा. जिंप किंवा फोटोशॉपमध्ये हे दोन्ही चाकं मिळून तासाभराचं काम आहे. पुढचंच चाक मागे डकवायचा मोह टाळा. मागच्या हबला फ्रीव्हील असतं, पुढच्याला नसतं. जुन्या काळ्या सायकलींना तर पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत.

डकवलेला गोल चिकटवल्यासारखा दिसतो, उजेड जुळत नाही. म्हणून तेवढाच भाग निवडून एआयकडून हलकासा फिरवून घ्यायचा:

```
Inpaint area: Only masked
Denoising strength: 0.3
```

खालचा आकडा शून्य असला तर काहीच बदलत नाही, एक असला तर सगळं नव्याने काढलं जातं. ०.३ ला तारा जागच्या जागी राहतात आणि उजेड मिसळतो. ०.६ च्या वर गेलात की तारा पुन्हा वितळायला लागतात.

जाहिरातीत सायकल धावताना दाखवायची असेल तर काम हलकं होतं. चाक फिरत असताना खऱ्या फोटोतही तारा पुसट दिसतात. मग `panning shot, spinning wheels with motion-blurred spokes` लिहिलेलं चालतं. अट एवढीच, की मागचं दृश्यही आडवं ओढल्यासारखं पुसट हवं. मागचं झाड स्थिर आणि तारा पुसट, असं दिसलं की खोटेपणा उघडा पडतो.

## छापण्याआधी काय तपासायचं?

आधी चाकं. चित्र मोठं करून चाकाची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. दोन्ही सारखी हवीत, आणि दोन्ही चाकंही सारखी. दोन्ही आस एका आडव्या रेघेवर हवेत. दोन टायरांच्या मधली मोकळी जागा चाकाच्या व्यासाच्या साधारण निम्मी किंवा किंचित जास्त असते. ती चाकाएवढी झाली असेल तर सायकल ताणली गेली आहे. अगदीच कमी असेल तर पायडल मारताना बूट पुढच्या टायरला लागेल.

मग सांगाडा, बोटाने. सीटखालच्या जोडावर बोट ठेवा. तिथून आडवा दांडा हँडलखालच्या उभ्या आखूड नळीपर्यंत गेला पाहिजे. त्या नळीच्या खालच्या टोकापासून तिरका दांडा पायडलच्या आसाकडे, आणि पायडलच्या आसापासून उभी नळी परत सीटकडे. हा पुढचा भाग झाला. मागे सीटच्या जोडापासून आणि पायडलच्या आसापासून निघालेल्या बारीक नळ्या मागच्या आसाशी एकत्र येतात आणि त्रिकोण होतो. बोट कुठेही हवेत उचलावं लागलं, की तो जोड सुटलेला आहे.

पुढच्या नळीला थोडा जास्त वेळ द्या, कारण इथली चूक पटकन दिसत नाही, पण सायकल विचित्र मात्र वाटते. ही नळी कधी सरळ उभी नसते. वरचं टोक सीटकडे झुकलेलं असतं. जमिनीशी साधारण ७० ते ७३ अंश, जुन्या सायकलींत त्याहूनही कमी. तिची रेघ तशीच पुढे जमिनीपर्यंत वाढवली, तर ती पुढचं टायर जमिनीला टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे, काही सेंटीमीटरवर, पडली पाहिजे. याच अंतरामुळे हँडल आपोआप सरळ राहायला मदत होते. एआयच्या चित्रात ही नळी बऱ्याचदा उभी येते किंवा चिमटा मागे वळलेला असतो. चिमट्याची खालची टोकं पुढे वळलेली हवीत.

मागच्या चाकाच्या तारा बघताना त्या हबच्या केंद्राकडे सरळ जातात की तिरक्या, ते पाहा. आपल्या साध्या सायकलीत त्या हबच्या कडेला स्पर्श करून जातात आणि वाटेत एकमेकींना ओलांडतात. पायडल मारल्यावर हब फिरतो आणि तिरक्या तारा रिमला ओढून नेतात. सरळ केंद्राकडे जाणाऱ्या तारांना ती ओढ नीट देता येत नाही. प्रत्येक तार दोन्ही टोकांना कुठेतरी पोचायला हवी, आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला एकच हवा.

शेवटी चेन आणि पायडल. एक पायडल खाली असेल तर दुसरं बरोबर विरुद्ध बाजूला हवं. आणि जाहिरात जुळवताना अक्षरांना जागा व्हावी म्हणून चित्र आरशासारखं उलटवू नका. सगळं बरोबर असलेल्या चित्राची चेन तेवढ्याने डाव्या बाजूला जाते.

## 'तारा कोण मोजत बसतंय?'

मोजत कुणी नाही. पण सांगलीत सायकल घेणारा माणूस सायकल चालवलेला असतो, आणि चिमटा तुटलेली सायकल बघून त्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. पोराला शाळेला सायकल घ्यायला निघालेल्या बापाला ब्रेक नसलेली सायकल दाखवणं धंद्यालाही बरं नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. चित्रात पुढे डिस्क ब्रेक आणि दुकानात साधा ब्रेक, हे गिऱ्हाईक विचारणारच.

## 'मग सरळ खरा फोटोच का नको?'

ठरावीक मॉडेल, ठरावीक किंमत अशी जाहिरात असेल तर खरा फोटोच वापरावा, असंच आमचं स्पष्ट मत आहे. सायकल फोटोतून कापून घ्या आणि एआयला फक्त मागचं दृश्य करायला सांगा. वरची सगळी खटपट उपयोगी पडते ती 'दिवाळीला नवी सायकल' अशा सर्वसाधारण जाहिरातीला, किंवा सायकल अजून दुकानात आलेली नसताना.

मागे आयर्विन पूल हवा असेल तर तोही खऱ्या फोटोतूनच घ्यावा. एआयला नाव कदाचित माहीत असेल, पण कमानी मात्र ते मनाच्या काढतं, आणि सांगलीकराला तो पूल अनोळखी वाटतो. दुकानाचं नाव आणि किंमतही चित्रात काढून घेऊ नका. देवनागरी जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात. अक्षरं नंतर नेहमीच्या मजकुराच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावीत.

तयार फाइल फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी जातात त्या ताराच.